इंटर्नलचं ॲव्हरेज नेमकं कसं काढलं ते आम्हाला दाखवा : आमच्या डिपार्टमेंटच्या सर-मॅडमना खुलं पत्र

आदरणीय मॅडम, आणि आपल्या डिपार्टमेंटचे सगळे सर-मॅडम,

मी सेकंड इयर कॉम्प्युटरची विद्यार्थिनी. गेल्या आठवड्यात ऑपरेटिंग सिस्टीमच्या इंटर्नल मार्कांबद्दल मी मॅडमना एक मेल केला होता. त्यात एवढंच विचारलं होतं की दोन टेस्टचे मार्क धरून फायनल इंटर्नल कसं काढलं, कारण शीटवर जे दिसतंय त्यावरून माझं उत्तर जुळत नाहीये. मॅडमनी लगेच रिप्लाय दिला, त्याबद्दल खरंच थँक्यू, पण रिप्लाय एका ओळीचा होता, "दोन्ही टेस्टचं ॲव्हरेज घेतलं आहे." ते मला माहीत होतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा होता, आणि वर्गात बोलले तेव्हा कळलं की हा प्रश्न फक्त माझा नाही, दुसऱ्या डिव्हिजनमधे पण आहे, दुसऱ्या विषयांमधे पण आहे, म्हणून आता सगळ्यांसाठी एकत्र आणि नीट सविस्तर लिहितेय. कोणी मुद्दाम काही केलंय असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, हे आधीच स्पष्ट सांगते.

जे हे वाचतायत आणि इंजिनिअरिंगचे नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबई विद्यापीठाच्या आर-२०१९ सी स्कीममधे एका थिअरी विषयाचे १०० मार्क असतात, त्यातले ८० शेवटच्या लेखी परीक्षेचे आणि २० इंटर्नलचे. इंटर्नलसाठी २० मार्कांच्या दोन टेस्ट होतात, एकेक तासाच्या, पहिली साधारण ४० टक्के सिलॅबस शिकवून झाल्यावर आणि दुसरी त्याच्या पुढचा ४० टक्के झाल्यावर, आणि दोन्हींचं ॲव्हरेज म्हणजे तुमचं इंटर्नल. इंटर्नलमधे वेगळं पास व्हावं लागतं, २० पैकी ८ तरी पाहिजेत, नाहीतर लेखीत ८० पैकी ७० पडले तरी इंटर्नलची केटी राहतेच. स्कीममधे "ॲव्हरेज" हा शब्द आहे, बाकी सगळं, म्हणजे अर्धा मार्क कुठे राऊंड करायचा, गैरहजर मुलाचं काय करायचं, हे प्रत्यक्षात शीट बनवणाऱ्या शिक्षकाच्या हातात येतं. आणि माझा प्रश्न तिथेच आहे.

आता माझी केस. नोटीस बोर्डवर जी शीट लागली त्यात माझ्या नावापुढे टेस्ट १ मधे ११, टेस्ट २ मधे १६, आणि इंटर्नल १३. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे टेस्ट १ मधे १२, टेस्ट २ मधे १५, आणि इंटर्नल १४. तिची परवानगी घेऊनच हे लिहितेय. आता ११ अधिक १६ म्हणजे २७, आणि १२ अधिक १५ म्हणजे पण २७. दोघींचं ॲव्हरेज साडेतेरा. साडेतेराचे १४ करा किंवा १३ करा, काहीही करा, पण दोघींचं सारखंच यायला पाहिजे ना? एकाच शीटवर, एकाच वर्गात, एकाच बेरजेला एकीला १३ आणि दुसरीला १४, हे कसं झालं एवढाच माझा मेल होता.

मग मी माझे तपासलेले पेपर परत काढून बघितले. टेस्ट १ च्या पेपरवर लाल पेनाने साडेदहा लिहिलंय, ११ नाही. टेस्ट २ वर साडेपंधरा. मैत्रिणीचे पेपर बघितले तर तिचे खरोखर १२ आणि १५ आहेत, अर्धा मार्क कुठेच नाही. म्हणजे माझी खरी बेरीज २६, ॲव्हरेज बरोबर १३, आणि तिची खरी बेरीज २७, ॲव्हरेज साडेतेरा, त्याचे झाले १४. हे मी एक्सेलमधे टाकून बघितलं. सेलमधे 10.5 लिहायचं आणि दशांश कमी करायचं जे बटण असतं ते दाबायचं, की तिथे ११ दिसायला लागतं, पण आत आकडा 10.5 च राहतो आणि फॉर्म्युला तोच आतला आकडा धरतो. 15.5 चे तसेच १६ दिसतात. म्हणजे शीटवर दिसणारे ११ आणि १६ हे फक्त दिसायला आहेत, हिशोब साडेदहा आणि साडेपंधराचा झालाय. मॅडम, माझा अंदाज असा आहे की असंच झालं असणार, पण हा अंदाजच आहे कारण ओरिजिनल फाईल मी बघितलेली नाही, आमच्यापर्यंत फक्त प्रिंट आलीये. तुम्ही फाईल उघडून माझ्या सेलवर क्लिक केलंत तर वरच्या पट्टीत एका सेकंदात दिसेल.

आणि जर तसंच असेल तर माझे १३ बरोबर आहेत, हे मी स्वतःच म्हणतेय. मला एक मार्क वाढवून नकोय. पण एक गोष्ट त्यातून निघते ती महत्त्वाची आहे, ती म्हणजे राऊंड ऑफ नेमकं कधी करायचं हे ठरलेलं पाहिजे. दोन पद्धती आहेत. एक, प्रत्येक टेस्टचे मार्क आधी पूर्ण करायचे, साडेदहाचे ११, साडेपंधराचे १६, आणि मग ॲव्हरेज. या पद्धतीत माझं साडेतेरा येतं आणि परत राऊंड करून १४. दुसरी, अर्धे मार्क तसेच ठेवायचे आणि फक्त शेवटी एकदाच राऊंड करायचं, त्यात माझे १३. पेपर तेच, उत्तरं तीच, तपासणी तीच, आणि नुसत्या क्रमामुळे एक मार्क इकडे-तिकडे.

मला विचाराल तर दुसरी पद्धत बरोबर आहे, जरी तिच्यात माझाच एक मार्क कमी होत असला तरी. कारण बघा, समजा एका मुलाला दोन्ही टेस्टमधे १३-१३ आहेत. त्याची बेरीज २६, इंटर्नल १३. माझी पण खरी बेरीज २६. पहिल्या पद्धतीने मला १४ आणि त्याला १३. त्याने माझ्याइतकंच कमावलंय, फक्त त्याच्या पेपरवर अर्धा मार्क आला नाही म्हणून तो मागे. दोनदा राऊंड केलं की असं होतं, आधी प्रत्येक टेस्टला अर्धा मार्क वर जातो आणि मग ॲव्हरेज परत अर्धा वर जातो, मिळून एक पूर्ण मार्क आयता वाढतो, आणि तो कोणाला मिळणार हे फक्त अर्धे मार्क कुठे पडले त्यावर ठरतं.

आता खरी अडचण. दुसऱ्या डिव्हिजनला हाच विषय दुसरे सर शिकवतात, आणि तिकडे पेपरवरच राऊंड करून मार्क लिहिलेत. तिकडच्या एका मित्राच्या पेपरवर आतल्या प्रश्नांची बेरीज साडेनऊ येते आणि वर पहिल्या पानावर १० लिहून गोल केलाय. सरांनी हे चांगल्याच भावनेने केलं असणार, मुलांना अर्धा मार्क सोडून दिलाय. पण त्यामुळे झालंय असं की एकाच विषयाला, एकाच विद्यापीठाच्या एकाच निकालात, एका डिव्हिजनला राऊंड ऑफ दोनदा आणि दुसऱ्या डिव्हिजनला एकदा. माझा तोच पेपर तिकडे असता तर मला १४ मिळाले असते. दोन्ही डिव्हिजनची मुलं एकाच यादीत येणार आहेत, एकाच प्लेसमेंटला बसणार आहेत, तेव्हा हे डिपार्टमेंटने एकत्र बसून ठरवायला पाहिजे, एकट्या मॅडमनी किंवा एकट्या सरांनी नाही. म्हणूनच हे पत्र सगळ्यांना लिहिलंय.

काही जण म्हणतील एका मार्कासाठी एवढं कशाला. तर इंटर्नलचा एक मार्क हा २० पैकी आहे पण तो जसाच्या तसा १०० मधे मिळवला जातो, लेखीतल्या एका मार्काइतकीच त्याची किंमत आहे. आणि आमच्या ग्रेडिंगमधे ७० ते ७५ च्या आत बी, म्हणजे ८ पॉइंट, आणि ७५ झाले की ए, म्हणजे ९. समजा लेखीत ६१ पडले. इंटर्नल १३ असेल तर ७४, बी. १४ असेल तर ७५, ए. लेखी पेपर परत तपासायला तरी टाकता येतो, फोटोकॉपी मागता येते, इंटर्नलचं तसं काही नसतं, ते एकदा लॉक होऊन गेलं की गेलं. म्हणून ते जाण्याआधी विचारतेय.

आता दुसरा मुद्दा, जो माझ्या मते पहिल्यापेक्षा खूप मोठा आहे, कारण तिथे एक मार्काचा फरक नाहीये, सात-आठ मार्कांचा आहे. एखादा मुलगा एका टेस्टला गैरहजर असेल तर ॲव्हरेज कशाचं?

आमच्या डिव्हिजनमधे एक मुलगी टेस्ट २ ला आली नव्हती, घरी अचानक कोणीतरी वारलं म्हणून गावाला गेली होती. टेस्ट १ मधे तिला १५ आहेत. शीटवर टेस्ट २ च्या जागी AB आहे आणि इंटर्नल १५. दुसऱ्या डिव्हिजनमधला एक मुलगा, त्याला कांजण्या झाल्या होत्या, त्याने मेडिकल सर्टिफिकेट पण दिलंय. त्याला टेस्ट १ मधे १४, टेस्ट २ ला गैरहजर, आणि त्याचं इंटर्नल ७. सात! म्हणजे नापास. दोघांनी एकेकच टेस्ट दिली, दोघांचं कारण खरं, मार्कात फरक एकाचा, आणि एक जण १५ घेऊन निवांत आणि दुसऱ्याला केटी. तो मुलगा तेव्हापासून नीट जेवत पण नाहीये, हे मी खरं सांगतेय, कारण वीसपैकी चौदा मार्क मिळवणाऱ्या मुलाला आपण इंटर्नलमधे नापास होऊ असं स्वप्नात पण वाटलं नव्हतं.

हे का झालं असेल ते मी आणि त्याने बसून एक्सेलमधे करून बघितलं. शीट बनवताना दोन फॉर्म्युले लोक वापरतात, एक असा:

```
=AVERAGE(C5:D5)
```

आणि एक असा:

```
=(C5+D5)/2
```

दोन्ही टेस्टचे मार्क भरलेले असतील तर दोघांचं उत्तर अगदी सारखं येतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात पण येत नाही की हे दोन वेगळे फॉर्म्युले आहेत. फरक कळतो तो गैरहजर मुलाच्या ओळीत. AVERAGE जो आहे तो फक्त आकडे मोजतो. AB लिहिलं असेल किंवा सेल रिकामा असेल तर तो सेल त्याच्या लेखी नाहीच, मग उरलेल्या एकाच आकड्याला तो एकाने भागतो. म्हणून १५ आणि AB चं ॲव्हरेज १५. दुसऱ्या फॉर्म्युल्यात AB असेल तर बेरीजच होत नाही, सेलमधे #VALUE! असं येतं. मग शीट भरणाऱ्या माणसाला ते घालवायचं असतं, आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे AB खोडून शून्य टाकणे किंवा सेल मोकळा सोडणे, कारण बेरजेत मोकळा सेल शून्यच धरला जातो. १४ अधिक शून्य भागिले दोन, सात.

म्हणजे एका मुलाची केटी आणि एका मुलीचे १५ यातला फरक कुठल्याही नियमाने ठरवलेला नाही, तो कोणी कुठला फॉर्म्युला टाईप केला त्याने ठरवलाय. आमच्या मॅडमनी ठरवून "गैरहजर मुलीला एकाच टेस्टवर मार्क द्यायचे" असं केलेलं नसणार, आणि तिकडच्या सरांनी ठरवून "आजारी मुलाला शून्य द्यायचं" असं केलेलं नसणार. हा निर्णय कोणी घेतलाच नाही, तो आपोआप झाला. आणि मला तेच सगळ्यात जास्त लागलं. माणसाने विचार करून मला शून्य दिलं तर मी त्याच्याशी बोलू शकते, माझी बाजू सांगू शकते. जो निर्णय घेतलाच गेला नाही त्याच्यावर बोलायचं कोणाशी, प्रत्येक जण म्हणणार की ॲव्हरेजच आहे.

आता दोन्हीपैकी योग्य काय? मला वाटतं दोन्ही नाही. गैरहजर मुलाला एका टेस्टचेच मार्क पूर्ण धरून दिले तर जी मुलं दोन्ही टेस्टला बसली त्यांच्यावर अन्याय होतो. माझ्याच वर्गात एकाला १५ आणि १२ आहेत, त्याचं साडेतेराचं १४ झालं. तो दुसऱ्या टेस्टला आलाच नसता तर त्याचे १५ राहिले असते. टेस्ट दिल्यामुळे त्याचा एक मार्क कमी झाला! हे पुढच्या बॅचला कळलं की पहिल्या टेस्टमधे चांगले मार्क पडलेली मुलं दुसऱ्या टेस्टच्या दिवशी आजारीच पडणार, आणि त्यांना दोष पण देता येणार नाही. शिवाय दुसऱ्या टेस्टमधे जो पुढचा ४० टक्के सिलॅबस असतो, आमच्या केसमधे मेमरी मॅनेजमेंट आणि फाईल सिस्टीम, तो त्या मुलीला येतो की नाही हे कोणी तपासलेलंच नाही. आणि उलट बाजूने, खरं कारण असलेल्या मुलाला शून्य देणं म्हणजे त्याने कोरा पेपर दिला असं म्हणणं. त्याने पेपर दिलाच नाहीये. कोरा पेपर आणि न दिलेला पेपर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शीटमधे त्या वेगळ्या दिसायला पाहिजेत.

यावर उपाय एकच, री-टेस्ट. कारण खरं असेल, कागद दिलेला असेल, तर त्या भागावर २० मार्कांची एक तासाची टेस्ट परत घ्या आणि तेच मार्क टेस्ट २ च्या कॉलममधे लिहा. ज्याने काहीच कारण दिलं नाही त्याला शून्य द्या, हरकत नाही, पण ते ठरवून आणि त्याला सांगून द्या. आमच्या डिव्हिजनच्या त्या मुलीशी मी बोलले. मी हे लिहिलं तर तुझे १५ जाऊ शकतात, हे तिला सरळ सांगितलं. ती म्हणाली लिही, मी री-टेस्ट देते, मला कोणी नंतर म्हणायला नको की हिला फुकटचे मिळाले. मला तिचा खूप अभिमान वाटला.

तिसरी गोष्ट पटकन सांगते कारण ती आमच्या विषयाची नाही, पण याच डिपार्टमेंटमधे झालीये. एका विषयाची दुसरी टेस्ट ३० मार्कांची घेतली आणि मग २० पैकी करताना गोंधळ झाला. समजा टेस्ट १ मधे २० पैकी ११ आणि टेस्ट २ मधे ३० पैकी २४. दोन्ही मिळवून ५० पैकी ३५ धरले आणि त्याचे २० पैकी केले तर १४ येतात. आणि आधी २४ चे २० पैकी १६ करून मग ११ आणि १६ चं ॲव्हरेज काढलं तर साडेतेरा. पहिल्या पद्धतीत मोठ्या टेस्टचं वजन जास्त पडतं, दुसरीत दोन्ही टेस्ट सारख्या. स्कीममधे दोन्ही टेस्ट २०-२० च्या आहेत म्हणजे वजन सारखंच अपेक्षित आहे, म्हणून आधी २० पैकी करणंच बरोबर, असं मला वाटतं. आणि मुळात दोन्ही टेस्ट २० च्याच घेतल्या तर हा प्रश्न येतच नाही.

आता आम्हाला काय पाहिजे ते सांगते, आणि मी प्रयत्न केलाय की शिक्षकांचं काम वाढू नये. मला माहितीये की एकेका शिक्षकाकडे तीन-तीन विषय आहेत, दोन डिव्हिजनचे मिळून दीडशेच्या आसपास पेपर, त्यात टर्मवर्क, प्रॅक्टिकलच्या ओरल, कमिटीच्या फाईली, आणि मार्क चढवायची तारीख नेहमी डोक्यावर. मॅडम रात्री साडेअकराला ग्रुपवर नोटीस टाकतात, त्यावरून कळतं की तुम्ही किती वाजेपर्यंत जागता. त्यामुळे दीडशे मुलांना वेगवेगळं समजावून सांगा असं कोणी म्हणत नाहीये. फक्त शीटच अशी असावी की विचारायची वेळ येऊ नये.

पहिलं म्हणजे शीटवर टेस्टचे मार्क जसे पेपरवर आहेत तसेच दिसू देत, साडेदहा असेल तर 10.5. कॉलमला एक दशांश ठेवला की झालं, आणि माझा मेल तर आलाच नसता, कारण 10.5 आणि 15.5 बघून मीच २६ केले असते. दुसरं, राऊंड ऑफ फक्त शेवटच्या कॉलममधे, आणि अर्धा आला की वर. आणि गैरहजर मुलासाठी फॉर्म्युलाच असा ठेवा की तो गप्प बसून काहीतरी उत्तर देणार नाही. मी हा करून बघितलाय, चालतो:

```
=IF(COUNT(C5:D5)=2, ROUND(AVERAGE(C5:D5),0), "तपासा")
```

COUNT फक्त आकडे मोजतो. दोन्ही सेलमधे आकडे असतील तरच हा ॲव्हरेज काढून राऊंड करतो. एका ठिकाणी AB असेल किंवा चुकून मोकळं राहिलं असेल, तर इंटर्नलच्या जागी "तपासा" असं येतं, आणि मग तिथे माणसाला बघावंच लागतं की हा मुलगा का नव्हता, री-टेस्ट झाली का, शून्य द्यायचं ठरलंय का. याचा अजून एक फायदा असा की मार्क चढवताना एखादी ओळ सुटली तर ती पण पकडली जाते. AVERAGE नुसता असेल तर सुटलेली ओळ कळतच नाही, त्या मुलाला एका टेस्टवर मार्क मिळून जातात आणि शीट एकदम बरोबर दिसते. हे पूर्ण डिपार्टमेंटने एकच शीट म्हणून वापरलं, दोन्ही डिव्हिजनला तीच फाईल, तर राऊंड ऑफचा पण आणि गैरहजेरीचा पण प्रश्न तिथेच संपतो.

आणि शेवटची विनंती, मार्क एक्झाम सेलकडे जाण्याआधी आम्हाला दोन दिवस द्या. शीट लावा, फक्त रोल नंबर ठेवा, नावं नकोत, कारण ग्रुपवर नावासकट शीट आली की कमी मार्कवाल्या मुलांना उगाच सगळे विचारत बसतात. प्रत्येक जण आपले दोन पेपर शीटशी ताडून बघेल आणि सही करेल. आत्ता आम्ही जी सही करतो ती फक्त इंटर्नलच्या फायनल आकड्यापुढे करतो, टेस्टचे मार्क झाकलेले असतात किंवा राऊंड केलेले असतात, त्यामुळे आम्ही नेमकं कशाला हो म्हणतोय ते आम्हालाच माहीत नसतं. सही घ्यायचीच आहे तर दोन्ही टेस्टचे खरे मार्क दाखवून घ्या, मग नंतर कोणी तक्रार घेऊन आलं तर तुम्ही पण म्हणू शकता की तू स्वतः बघून सही केली आहेस.

मॅडम, तुम्हाला वेगळं एक सांगायचंय. मेलमधे मी "प्लीज एक्सप्लेन" असं लिहिलं होतं आणि नंतर वाटलं की ते उद्धट वाटलं असेल का. तसा हेतू अजिबात नव्हता. तुम्ही डेडलॉक शिकवताना बँकर्स अल्गोरिदमचं गणित बोर्डवर एकेक स्टेप लिहून केलं होतंत, आणि म्हणाला होतात की नुसतं शेवटचं उत्तर लिहिलं तर मी मार्क देणार नाही, अव्हेलेबल मधून किती गेले आणि किती परत आले ते प्रत्येक ओळीत दिसलं पाहिजे. आम्ही सगळ्यांनी तसंच लिहिलं, आणि त्या प्रश्नात वर्गातल्या बहुतेकांना पूर्ण मार्क मिळाले. मला इंटर्नलच्या शीटमधे तेच बघायचंय.

या शुक्रवारपर्यंत एक्झाम सेलला मार्क जाणार असं नोटीसमधे आहे. माझे १३ तसेच राहिले तरी माझी काही हरकत नाही, फक्त ते साडेदहा आणि साडेपंधरावरून आलेत एवढं कन्फर्म करा. पण कांजण्यावाल्या मुलाचं आणि आमच्या डिव्हिजनच्या त्या मुलीचं शुक्रवारच्या आत व्हायलाच पाहिजे. दोघंही उद्या, परवा, कधीही री-टेस्टला बसायला तयार आहेत, त्याचं सर्टिफिकेट ऑफिसला जमा आहे, तिचा अर्ज क्लास टीचरकडे आहे. एक तास आणि एक मोकळी क्लासरूम लागेल. सुपरव्हिजनला कोणी शिक्षक मोकळे नसतील तर लायब्ररीत घेतली तरी चालेल असं दोघं म्हणालेत. ते जमणारच नसेल तर निदान त्या दोघांची एंट्री शुक्रवारी लॉक करू नका, पेंडिंग ठेवा, आणि तसं त्यांना लेखी कळवा.

आपली विद्यार्थिनी,
सेकंड इयर, कॉम्प्युटर